मॉर्फिन सुरू केल्यावर पेशंट झोपूनच राहतो, तेव्हा घरच्यांनी काय बघायचं

मी नागपुरात घरोघरी जाऊन कॅन्सरच्या पेशंटची नर्सिंग करते, आणि मॉर्फिन सुरू झालं की दुसऱ्या दिवशी फोन येणार हे आता मला पाठ झालंय. आवाज घाबरलेला, वाक्य ठरलेलं: "सिस्टर, बाबा तं झोपूनच राहून राहिले ना जी, गोळी बंद करू का?" बहुतेक वेळा उत्तर असतं, बंद करू नका. पण "बहुतेक वेळा" म्हणजे नेहमी नाही, आणि ते फोनवर ठरवायला मला घरच्यांकडून तीन-चार गोष्टी हव्या असतात, त्या कशा बघायच्या हेच इथे लिहितेय. मी लिहितेय ते तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनबद्दल, म्हणजे ४ तास काम करणाऱ्या साध्या गोळीबद्दल, कारण आपल्याकडे सुरुवात जास्त करून तिनेच होते.

उदाहरण म्हणून महाल भागातल्या एका काकांची वही घेते. वय ६४, वर्षानुवर्षं तंबाखूचा खर्रा, जबड्याचा कॅन्सर मानेपर्यंत गेलेला. मॉर्फिनच्या आधी तीन आठवडे ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉलवर काढले होते, आणि त्या तीन आठवड्यांत माणूस रात्रीचे दोन तास पण सलग झोपला नव्हता, उशी मांडीवर घेऊन बसून राहायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

डॉक्टरांनी दिलं असं: १० मिलिग्रॅमची अर्धी गोळी म्हणजे ५ मिलिग्रॅम, सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, आणि रात्री १० ला पूर्ण गोळी, म्हणजे रात्री २ ला उठवायची गरज नाही. दिवसाचे झाले ३० मिलिग्रॅम. सोबत पोट साफ व्हायला जुलाबाची गोळी रोज रात्री, आणि उलटीसाठी पहिले काही दिवस एक गोळी. हा डोस काकांचा आहे, तुमच्या घरचा नाही. खूप म्हातारा, वजन उतरलेला किंवा किडनी कमजोर असलेला माणूस असेल तर २.५ पासून पण सुरू करतात.

पहिली गोळी द्यायच्या आधी

दोन कामं करायची. एक, घरातली सगळी औषधं एका ताटात काढून डॉक्टरला किंवा नर्सला दाखवायची. काकांच्या घरी ट्रामाडॉल अजून चालूच होतं, काकूंना वाटलं नवीन गोळी म्हणजे जुन्यात भर. हे फार घरांत होतं, आणि ट्रामाडॉल त्याच जातीचं औषध आहे, दोन्ही मिळून गुंगी वाढते. तसंच झोपेची गोळी, टेन्शनची गोळी, नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं गाबापेंटिन किंवा प्रीगाबालिन, आणि सर्दी-खाजेची साधी गोळी, हे सगळं मॉर्फिनच्या झोपेत भर घालतं. दारूचं तर सांगायलाच नको, पण सांगते, कारण "थोडीशी" म्हणून पाजणारे जावई मी पाहिलेत. यातली काही औषधं मुद्दाम सोबत दिलेली असतात, त्यामुळे स्वतःच्या मनाने काढून टाकू नका, फक्त डॉक्टरला माहीत असू द्या.

दुसरं, गोळी कुठली आहे ते बघायचं. साधी ४ तासांची गोळी तोंड उघडत नसेल तर कुटून पाण्यात देता येते, काकांचं तोंड दीड बोट उघडायचं, आम्ही तसंच दिलं. पण १२ तासांची हळूहळू सुटणारी गोळी असते ती कुटायची नाही, चावायची नाही, तोडायची नाही, कारण १२ तासांचं औषध एकदमच अंगात जातं. स्ट्रिपवरचं नाव वाचून कळत नसेल तर केमिस्टला नाही, लिहून देणाऱ्या डॉक्टरला विचारा.

आणि एक साधी वही. वेळ, डोस, दुखणं ० ते १० मध्ये किती, झोप किती, लघवी किती वेळा. झोपेला मी आकडे देते, घरच्यांना सोपं पडतं. ० म्हणजे पूर्ण जागा. १ म्हणजे पेंग येते पण हाक मारली की लगेच उठतो आणि नीट बोलतो. २ म्हणजे बोलता बोलता वाक्यातच झोपून जातो. ३ म्हणजे हलवलं तरी उठत नाही किंवा नुसतं "हं" करतो.

पहिले तीन-चार दिवस

काकांची पहिली गोळी मंगळवारी दुपारी २ ला गेली, ३ च्या सुमारास डोळ्यावर झापड, आणि संध्याकाळी ६ ला गोळीसाठी उठवलं तेव्हा त्यांनी स्वतः विचारलं, "किती वाजले?" साधी गोळी घेतल्यावर साधारण तासाभरात तिचा जोर सगळ्यात जास्त असतो, म्हणून झोपही तेव्हाच जास्त दिसते आणि पुढच्या डोसपर्यंत थोडी ओसरते. बुधवारी ते १६ तास झोपले. वहीत काकूंनी लिहिलंय "फक्त जेवायला उठले, दुखणं ३". दुखणं ९ वरून ३ वर आलं होतं, हे त्या घाबरण्याच्या भरात कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

या १६ तासांत दोन वेगळ्या झोपा मिसळलेल्या असतात. एक औषधाची गुंगी. दुसरी तीन आठवड्यांची उधारी, दुखण्यानं झोपू न दिलेल्या माणसाचं दुखणं थांबलं की तो झोपणारच, आपण लग्नकार्य उरकून आलो की दुसऱ्या दिवशी कसे पडतो तसं, फक्त इथे उधारी मोठी आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून झोपेचे तास मोजून काही कळत नाही, उठवल्यावर माणूस कसा आहे त्यावरून कळतं.

म्हणून प्रत्येक डोसच्या आधी हे करायचं, दोन मिनिटांचं काम आहे. उठवायच्या आधी, हात न लावता, छाती किंवा पोट वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट मोजायचं, घड्याळ समोर धरून, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण गुंगीत श्वास अनियमित असतो. हात लावला की श्वास बदलतो, म्हणून आधी मोजायचं. बुधवारी काकांचा श्वास १४ होता. मग नेहमीच्या आवाजात हाक मारायची. डोळे उघडले, ओळखलं, विचारलेल्याचं बरोबर उत्तर दिलं, बसवल्यावर घोट नीट गिळला, की डोस वेळेवर द्यायचा, मग नंतर तो पुन्हा झोपला तरी चालेल. झोप १ आणि श्वास बारा-चौदा, हे पहिल्या आठवड्यात चालतं.

जो नीट जागा नाही त्याच्या तोंडात गोळी, पाणी, चहा काहीही घालू नका, ते श्वासनळीत जाऊ शकतं. "तोंड ओलं करते" म्हणून चमच्याने पाणी घालणाऱ्या आज्या असतात, त्यांना प्रेमाने थांबवा, ओल्या कापसाने ओठ पुसले तर पुरतं.

या दिवसांत पेशंटला रात्री बाथरूमला एकटं पाठवायचं नाही. उभं राहिल्यावर चक्कर येते, आणि कॅन्सर हाडात गेला असेल तर एक पडणं महागात जातं. गाडी चालवायची नाही, चौकापर्यंत अॅक्टिव्हा पण नाही, आणि हे डोस वाढवल्यावर पण लागू आहे.

गुरुवारी काय बिघडलं

गुरुवारी मुलाने दोन डोस गाळले. कारण शेजारच्या काकांनी सांगितलं की मॉर्फिन म्हणजे शेवटचं औषध, अन् झोपला तो उठत नाही. रात्री १ वाजता मला फोन, दुखणं ८, काका भिंतीला डोकं टेकवून बसलेले. रात्री डॉक्टरांशी बोलून डोस परत लावला आणि शुक्रवार सकाळपासून वेळापत्रक सुरू केलं, पण सवय व्हायचा जो काळ होता तो एका दिवसाने मागे गेला. डोस गाळला की रक्तातलं औषध उतरतं, दुखणं वर येतं, मग परत दिल्यावर गुंगी पुन्हा नव्याने येते, आणि घरच्यांना वाटतं की बघा, गुंगी जातच नाही. खरं म्हणजे ती जायला त्यांनी वेळच दिला नाही.

गुंगी जाते का, तर मॉर्फिन मेंदूतल्या ज्या जागांवर बसून दुखण्याचा निरोप अडवतं, तशाच जागा मेंदूच्या खालच्या भागात पण आहेत, जिथून आपल्याला जागं ठेवलं जातं. तिथेही ते बसतं, म्हणून झोप. पण औषध रोज सारख्या प्रमाणात येत राहिलं की त्या पेशी त्याच्याशी जुळवून घेतात, त्यांच्यावर तेवढ्याच डोसचा परिणाम कमी होत जातो. याला साधारण तीन दिवस ते आठवडा लागतो. मळमळ पण अशीच पाच-सात दिवसांत कमी होते. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, आतड्याला सवय होत नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून जुलाबाचं औषध मॉर्फिन आहे तोपर्यंत चालूच.

इथे लोक हमखास विचारतात, गुंगीची सवय झाली म्हणजे दुखण्यावर पण असर जाणार का? दोन्ही सवयी सारख्या वेगाने होत नाहीत. गुंगी आठवड्यात ओसरते, दुखण्यावरचा परिणाम त्याच डोसवर अनेक आठवडे टिकतो, आणि पुढे डोस वाढवावा लागला तर बऱ्याचदा कारण आजार वाढलेला असतो.

काकांचं मग असं झालं. शनिवारी दिवसा सहा तास झोप, रविवारी चार, सोमवारी गोळीनंतर तासभर डुलकी आणि मग पेपर. मंगळवारी त्यांनी काकूंना विचारलं की संत्र्याचा रस गाळून देशील का, आणि कूलरचं पाणी कोणी भरलं नाही म्हणून चिडले. चिडले हे वहीत लाल पेनने आहे, काकूंना फार आनंद झाला होता.

तर बघायचं हे: डोस तोच, आणि झोप दिवसागणिक कमी होतेय का. कमी होत असेल तर आठवडाभर धीर धरा. सारखीच असेल तर आठवडा झाल्यावर सांगा, डॉक्टर बाकीची गुंगीवाली औषधं काढतात, दुखणं अगदी कमी असेल तर डोस थोडा उतरवतात, कधी जातभाई असलेलं दुसरं औषध लावून बघतात. पण झोप वाढत असेल, किंवा गेलेली झोप डोस न वाढवताच परत आली असेल, तर त्याच दिवशी सांगायचं. उद्यावर टाकायचं नाही.

परत आलेली झोप

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच घरच्यांकडून सुटतं, कारण तोपर्यंत सगळे निवांत झालेले असतात. मे महिना, पारा ४५ च्या पुढे, काकांना गिळताना दुखायचं म्हणून पाणी कमी, घाम भरपूर. वहीत "लघवी" च्या रकान्यात आधी ५-६ असायचं ते २ वर आलं, आणि काकूंनी "पिवळी जर्द" असंही लिहिलं होतं, पण त्याचा अर्थ कोणी लावला नाही. त्यातच गुडघा दुखतो म्हणून मुलाने केमिस्टकडून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणल्या, चार दिवस दिल्या.

सोळाव्या दिवशी सकाळी झोप १, दुपारी २. डोस पहिल्या दिवसाचाच. काकूंना वाटलं गर्मीनं सुस्ती आली. मग चहाचा कप हातातून उडाला, म्हणजे हाताला झटका आला आणि कप पडला. संध्याकाळी काका म्हणाले भिंतीवर मुंगळे चढून राहिले, आणि हवेत काहीतरी वेचत होते. तेव्हा मला फोन आला. मी श्वास मोजायला लावला, ११.

आतमध्ये काय झालं ते सांगते. लिव्हर मॉर्फिनचं रूपांतर करतं आणि तयार झालेले पदार्थ किडनीतून लघवीवाटे बाहेर जातात. त्यातला एक पदार्थ स्वतःच मॉर्फिनसारखा काम करतो, दुसरा झटके आणि भ्रम आणतो. पाणी कमी पडलं, वरून डायक्लोफिनॅक, ज्याने किडनीचा रक्तपुरवठा घटतो, तर हे पदार्थ अंगात साठत जातात. मग गोळी तीच, पण अंगात औषध दुपटीने दिल्यासारखं होतं. म्हणून झटके, भ्रम आणि परत आलेली झोप हे तिन्ही एकत्र दिसले की आजार डोक्यात गेला असं मानून बसू नका, आधी किडनी तपासायची असते.

डॉक्टरांनी पुढचा डोस थांबवायला सांगितला आणि रात्रीच दवाखान्यात बोलावलं. किडनी बिघडली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन २.३, पहिल्या आठवड्यात ०.९ होतं. सलाइन लावलं, डायक्लोफिनॅक बंद, आणि मॉर्फिन जेव्हा परत सुरू केलं तेव्हा २.५ मिलिग्रॅम आणि दोन डोसमध्ये जास्त तास. तीन दिवसांत मुंगळे गेले. महत्त्वाचं म्हणजे डोस त्यांनी ठरवला, आम्ही नाही. आणि काही दिवस औषध बंद राहिलं असेल तर स्वतःहून जुन्या डोसवर जाऊ नका, त्या काळात झालेली सवय उतरलेली असते आणि तोच डोस भारी पडतो.

झोप परत यायची कारणं आणखी असतात. जास्त तहान, जास्त लघवी, बद्धकोष्ठता आणि गोंधळ असेल तर रक्तात कॅल्शियम वाढलं असू शकतं. ताप असेल तर इन्फेक्शन. आणि एक कारण लोकांना उलटं वाटतं: रेडिएशननं किंवा दुखण्याचा निरोप नेणारी नस इंजेक्शननं सुन्न करून दुखणं एकदम कमी झालं की कालपर्यंत बरोबर असलेला डोस जास्त होतो, कारण दुखणं स्वतःच माणसाला जागं ठेवत होतं. रेडिएशन संपल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत झोप वाढली तर डॉक्टरला आवर्जून सांगा की दुखणं कमी झालंय, डोस बदलायचा का. आजाराच्या अगदी शेवटच्या दिवसांत माणूस मॉर्फिन नसतानाही जास्त झोपतो, ते वेगळं, त्याबद्दल डॉक्टरशी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

लगेच फोन, आणि लगेच १०८

श्वास मिनिटाला १० च्या खाली, किंवा झोप २ वर आणि वाढत चाललेली, किंवा झटके, भ्रम, बोलण्यात गोंधळ, किंवा दिवसभर लघवी नाही: पुढची गोळी थांबवा आणि डॉक्टरला लगेच फोन.

आणि मोठ्याने हाक मारून, खांद्याला चिमटा घेऊनही उठत नाही, श्वास ८ च्या खाली किंवा मध्ये मध्ये थांबतो, ओठ निळसर, घशात घरघर जी रोजच्या घोरण्यासारखी नाही, तर १०८ लावा. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक हे मॉर्फिनचं लक्षण आहे, पण एकटी बारीक बाहुली साध्या डोसवर पण दिसते, तेवढ्यावरून घाबरू नका. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, हाक मारत राहा, श्वास घे म्हणा. अंगावर दुखण्याचा पॅच असेल तर काढा. औषधाची स्ट्रिप आणि वही सोबत द्या, शेवटची गोळी किती वाजता आणि किती मिलिग्रॅमची ते पहिल्याच वाक्यात सांगा. दवाखान्यात उलट काम करणारं नॅलोक्सोन असतं, कॅन्सरच्या पेशंटला ते थोडं थोडं देतात, नाहीतर सगळं दुखणं एका क्षणात परत येतं.

पॅचचा विषय निघालाच तर नागपूरकरांसाठी एवढंच, फेंटानिलचा पॅच असेल आणि ताप आला, किंवा त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली, किंवा भर दुपारी उन्हातून आणलं, तर कातडीतून औषध जास्त जातं आणि झोप वाढते. मे महिन्यात पॅचवाल्याची वही दिवसातून दोनदा बघते मी.

डोस वाढवला की दोन-तीन दिवस पुन्हा थोडी झोप येणार, तेव्हा वहीचं नवीन पान काढायचं आणि तारखेसमोर नवा डोस लिहायचा, म्हणजे झोप कशामुळे आहे ते मागून शोधत बसावं लागत नाही. काकांचं तसं जूनमध्ये एकदा झालं, काकूंनी मला फोन केला पण विचारलं काही नाही, नुसतं वाचून दाखवलं: "नवीन डोस, दुसरा दिवस, श्वास १४, झोप १, लघवी ५ वेळा, दुखणं २. द्यायची ना जी आता १० वाजताची गोळी?"

मी म्हटलं द्या.